मक्याच्या कोठीत दरवर्षी बुरशी येते, आणि धुतला, भाजला, शिजवला तरी विष का जात नाही

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात आणि परत दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच, की कोठीतल्या मक्याला बुरशी आलीये, वरचा थर काढून टाकला, बाकीचा धुऊन वाळवून घेतला, आता भाकरीला किंवा जनावराच्या भरड्याला चालेल ना. आमच्याकडे सुद्धा सलग तीन वर्षं हेच झालं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण आम्ही पहिली दोन वर्षं चुकीचीच गोष्ट करत होतो.

आमचं गाव सिल्लोडच्या बाजूला, खरिपात मका. ऑक्टोबरात काढतो, बराचसा विकतो आणि चार क्विंटल घरच्या पत्र्याच्या कोठीत भरतो, थोडा भाकरीला, जास्त गाई-म्हशीच्या भरड्याला. डिसेंबर-जानेवारीत झाकण उघडलं की वर कोंदट वास, आणि मधोमध दाणे एकमेकांना चिकटून ढेप झालेली, तळहाताएवढी, तिच्यावर पिवळट हिरवी भुकटी. सासूबाई म्हणायच्या, "अगं तेवढी ढेप काढून टाक, बाकीचा उन्हात घाल, भाजून घेतला की काही होत नाही." त्यांनी आयुष्यभर तसंच केलंय त्यामुळे मी पण तेच करायचे, आणि उन्हात घातल्यावर भुकटी उडून जायची, वास जायचा, मका दिसायला एकदम चांगला व्हायचा. हाच सगळ्यात मोठा धोका आहे, दिसायला चांगला होतो तो.

आधी बुरशी आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नीट समजून घ्या

बुरशी म्हणजे जिवंत वस्तू. उन्हात वाळली की तिची वाढ थांबते, उकळत्या पाण्याने मरते, तव्यावर तर मरतेच. पण धान्यातली जी बुरशी आपल्याला नडते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची, ती दाण्यात वाढताना एक रसायन बनवून दाण्यातच सोडते, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते रसायन जिवंत नाही, म्हणून ते "मरत" नाही. बुरशी मेली तरी ते जिथे सोडलंय तिथेच राहतं. घरातली सोपी तुलना द्यायची तर भाजीत मीठ जास्त पडलं तर आपण कितीही उकळून मीठ घालवू शकत नाही, तसंच. उकळण्याने जंतू जातात म्हणून आपल्याला सवय लागलीये की शिजवलं म्हणजे सगळं शुद्ध झालं, पण ती सवय जंतूंसाठी बरोबर आहे, तयार झालेल्या विषासाठी नाही.

आता तापमानाचा हिशोब बघा. अफ्लाटॉक्सिनचे काही प्रकार असतात, त्यातलं सगळ्यात जहाल जे बी1 आहे ते शुद्ध स्वरूपात 268-269 अंश सेल्सिअसला तर नुसतं वितळतं. आपण घुगऱ्या उकळतो तेव्हा पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. प्रेशर कुकरमध्ये साधारण 120. तवा भरपूर तापतो हे खरंय, पण भाकरी त्यावर असताना तिच्या आत ओल असते, आणि ओल आहे तोपर्यंत आतला भाग 100 च्या आसपासच राहतो, वरचे काळे डाग पडतात तेवढीच जागा जास्त तापते. लाह्या फुटतात तेव्हा दाण्याच्या आत साधारण 180 अंश असतात. तळण पण 180 च्या आसपासच.

म्हणजे अजिबातच कमी होत नाही असं मी म्हणत नाहीये, आणि इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. जास्त वेळ खरपूस भाजलं, विशेषतः शेंगदाणे, तर विष काही प्रमाणात तुटतं, कधी निम्मं, कधी त्याहून जास्त, ते किती वेळ आणि किती आचेवर भाजलं आणि दाण्यात किती ओल होती त्यावर अवलंबून. पण समजा मक्यात किलोला 200 मायक्रोग्रॅम आहे आणि निम्मं गेलं, तरी 100 राहिलं, आणि आपल्याकडे अन्नधान्यासाठीची मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे भाजूनही मर्यादेच्या सहापट. शिवाय भाजल्यानंतर वास आणि चव दोन्ही सुधारतात, म्हणजे जी एकमेव खूण आपल्याला सावध करत होती ती पण गेली.

धुण्याचं काय? हे विष पाण्यात फार विरघळत नाही, आणि ते नुसतं सालीवर बसलेलं नसतं. बुरशी तंतूंनी आत शिरते आणि मक्याच्या दाण्याचा जो टोकाकडचा मऊ भाग असतो, जिथून कोंब फुटतो, तिथे तेल असतं आणि तिथे तिला सगळ्यात जास्त आवडतं. धुतल्याने वरची भुकटी, धूळ आणि थोडं पृष्ठभागावरचं जातं एवढंच. उलट पाण्यात टाकल्यावर पोकळ, हलके दाणे वर तरंगतात ते काढून टाकले तर खरा फायदा होतो, कारण पोखरलेले, बुरशीने खाल्लेले दाणे त्यात जास्त असतात, पण जड राहिलेले दाणे स्वच्छच आहेत अशी खात्री त्याने मिळत नाही.

एक बाई मला म्हणाल्या की सोडा टाकून उकळला तर? हा प्रश्न चांगला आहे कारण त्यात थोडं तथ्य आहे. या विषाच्या रेणूत एक कडी असते, आणि क्षारामध्ये, म्हणजे चुन्याच्या पाण्यात वगैरे, ती कडी उघडते आणि विषाचा जोर कमी होतो. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्यात प्रमाण कमी होतं हे मोजलेलं आहे. पण ती कडी आम्लात परत जुळू शकते, आणि आपल्या जठरात आम्लच असतं. म्हणून चिमूटभर सोड्यावर विसंबून खराब मका खाण्यात काही अर्थ नाही.

शिजवून खाल्लं तरी काय होतं ते आपल्या शेजारीच घडलंय

1974 च्या शेवटी गुजरातचा पंचमहाल आणि त्याला लागून राजस्थानचा बांसवाडा या दोन जिल्ह्यांत आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ आली. 397 लोक आजारी पडले आणि 106 गेले. भूक मंदावायची, कावीळ व्हायची, पोटात पाणी व्हायचं, पाय सुजायचे. कावीळ म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात पाण्यातून येणारी कावीळच येते, पण इथे त्याच घरांतली कुत्रीसुद्धा तशीच पोट फुगून मरत होती, आणि ज्या घरात मका खाल्ला जात होता तिथेच आजार होता. मका काढायच्या वेळेला अवेळी पाऊस झाला होता, भिजलेला मका तसाच साठवला गेला, आणि गरिबी अशी की दुसरं धान्यच नाही म्हणून तोच खाल्ला. त्या मक्यात किलोला 6 ते 15 मिलिग्रॅमपर्यंत विष सापडलं, म्हणजे मायक्रोग्रॅममध्ये सांगायचं तर सहा हजार ते पंधरा हजार, आणि आजची मर्यादा 15. ते लोक काही कच्चा मका खात नव्हते. दळून, रोट्या भाजूनच खात होते.

2004 मध्ये केनियात असंच झालं, घरात साठवलेल्या ओल्या मक्यामुळेच, 317 आजारी आणि 125 मृत्यू. तिथेही मका शिजवूनच खातात, उगाली करून.

ही झाली एकदम जास्त डोसची गोष्ट. आपल्या घरात बहुतेक वेळा थोडं-थोडं, वर्षानुवर्षं जातं, आणि त्याने लगेच काहीच दिसत नाही. यकृतात हे विष बदलून पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं, त्यातून यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, आणि ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याच्यासाठी हा धोका कित्येक पटीने वाढतो. म्हणून "आम्ही इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही" हे वाक्य या बाबतीत उपयोगाचं नाही, मी सासूबाईंना हेच सांगितलं आणि त्यांना ते पटायला एक वर्ष लागलं.

तुमच्या कोठीत नेमकं कुठे बिघडतंय ते आधी बघा

कोठी रिकामी करायच्या आधी, जशी आहे तशीच, बुरशी कुठे आलीये ते नीट बघा, कारण जागेवरून कारण कळतं. आम्ही पहिली दोन वर्षं घाईघाईने सगळं बाहेर ओतायचो आणि पुरावाच घालवून बसायचो.

बुरशी वरच्या थरात, मधोमध किंवा झाकणाखाली असेल तर बाहेरून पाणी आलेलं नाही, ओल धान्यातलीच आहे. होतं असं की भरताना दाण्यात ओलावा जास्त होता, किंवा धान्य उन्हातलं गरम गरम भरलं. थंडी पडली की पत्रा थंड होतो, कडेचा मका थंड होतो, मधला मका अजून उबदार असतो, मग मधली कोमट दमट हवा वर चढते आणि वरच्या थंड थरात, झाकणाच्या खालच्या बाजूला तिचं पाणी होतं. गरम भाताच्या डब्याचं झाकण उघडल्यावर आतून थेंब पडतात ना, तेच, फक्त महिनाभर हळूहळू. आमची ढेप नेहमी मधोमध वरच असायची आणि आम्ही मात्र दोन वर्षं छताच्या गळतीला दोष देत होतो.

बुरशी तळाला किंवा भिंतीकडच्या एकाच बाजूला असेल तर ओल बाहेरची आहे. शहाबादी फरशीवर थेट ठेवलेली पोती, न्हाणीच्या भिंतीला टेकवलेली कोठी, हे नेहमीचं. पोत्यात तर हे लगेच होतं, तागाचं पोतं फरशीची ओल वर ओढतं.

आणि कुठेतरी मध्येच, वेडीवाकडी, हात घातला तर उबदार लागणारी जागा असेल तर किडे आहेत, सोंडे किंवा भुंगे. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर पडतं, म्हणजे कोरड्या मक्यात सुद्धा ते स्वतःपुरता ओला कोपरा तयार करतात, आणि दाण्याला भोक पाडून बुरशीला दारही उघडून देतात. ही उबदार जागा शोधायला लोखंडी सळई मक्यात खोल खुपसून पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवायची आणि ओढून लगेच तळहातात धरायची. कुठल्या उंचीवर कोमट लागते ते स्पष्ट कळतं, ओल असेल तर सळईला पीठ चिकटून येतं.

रंगावरून मात्र निर्णय घेऊ नका. पिवळट हिरवी असेल तर संशय जास्त, पण काळी, निळसर, गुलाबी अशा पण बुरशा येतात आणि त्यातल्या काहींची स्वतःची वेगळी विषं असतात. आणि उलट बाजूने, बुरशी डोळ्याला दिसतच नाही पण विष आहे असंही होतं, कारण लागण बऱ्याचदा शेतातच सुरू झालेली असते, दाणे भरताना पाण्याचा ताण पडला असेल किंवा कणसाचं टोक अळीने खाल्लं असेल तर. कोठीत ती फक्त वाढते.

"मूठभर नमुना तपासला, चांगला आला" यावर का विसंबू नये

तिसऱ्या वर्षी आमच्या दिरांनी मका तपासून घ्यायचं ठरवलं. पहिला नमुना आम्ही कोठीच्या वरून, ढेप काढल्यावर, एक-दोन मुठी दिला. रिपोर्ट 9 पीपीबी, म्हणजे किलोला 9 मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या आत. आम्ही खूश. मग प्रयोगशाळेतल्या बाईंनीच विचारलं की नमुना कसा काढला, आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या ताई हा नमुनाच नाही. मग दहा-बारा ठिकाणांहून, वरून खालून कडेने मधून, मिळून पाच किलो काढला, सगळा दळला, पीठ चांगलं कालवलं आणि त्यातलं दिलं. आकडा 41. तोच मका, तीच कोठी.

याचं कारण समजलं की सगळं समजतं. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, अगदी थोड्या दाण्यांत प्रचंड असतं आणि बाकीचे जवळजवळ स्वच्छ. एकेक दाणा वेगळा तपासला तेव्हा किलोला लाखाच्या वर मायक्रोग्रॅम इतकं तीव्र विष असलेले मक्याचे दाणे सापडलेले आहेत. आता हिशोब करा, एक दाणा साधारण 0.3 ग्रॅमचा, त्यात किलोला एक लाख या दराने म्हणजे ग्रॅमला 100 मायक्रोग्रॅम, म्हणून त्या एका दाण्यात 30 मायक्रोग्रॅम. तो एक दाणा एक किलो स्वच्छ मक्यात पडला तर सगळ्या किलोचा आकडा 30 होतो, मर्यादेच्या दुप्पट. किलोत असे तीन हजारांवर दाणे असतात, त्यातला एक. मूठभर नमुन्यात तो येईलच असं नाही.

याच कारणाने निवडणं हा घरातला सगळ्यात कामाचा उपाय आहे, भाजणं नाही. फुटके, भोक पडलेले, सुरकुतलेले, रंग गेलेले, कोंबाकडे काळपट झालेले दाणे काढून टाकले की विषाचा मोठा वाटा त्यांच्याबरोबर जातो. पण निवडणं हे थोडाफार डागी मका असेल तेव्हाचं काम, ढेप झालेल्या कोठीसाठी नाही. ढेपेच्या आजूबाजूचा वीतभर मका मी आता सरळ टाकते, तो दिसायला कसाही असो.

आमच्या कोठीचं काय केलं

कारण कळलं होतं, ओलावा आणि गरम भरणं. दातांनी दाणा फोडून बघायची आमची पद्धत, कट् आवाज आला की वाळला. त्या पद्धतीने 15-16 टक्क्यांचा मका आणि 13 चा मका यातला फरक मला तरी कधी कळला नाही. कोठीत ठेवायला मका 13 टक्क्यांवर किंवा खाली पाहिजे. विष बनायला खरंतर त्याहून जास्त ओल लागते, साधारण 16-17 च्या पुढे, पण सगळे दाणे सारखे वाळत नाहीत आणि कोठीत ओल एका जागी गोळा होते, म्हणून 15 वर थांबून चालत नाही.

मीटर आडतीकडे असतो, भरायच्या आधी एक पिशवी मका तिकडे नेऊन मोजून आणला तर 18 टक्के निघाला. आम्ही तर समजत होतो वाळलाय. मग असं केलं. त्याच मक्यातला बरोबर 10 किलो वजन करून एका वेगळ्या कापडावर, पण त्याच अंगणात, तेवढाच पातळ पसरला. 18 टक्के म्हणजे 10 किलोत 8.2 किलो कोरडा माल आणि 1.8 किलो पाणी. कोरडा माल तेवढाच राहणार, आणि तो 87 टक्के झाला म्हणजे ओलावा 13 झाला, तर 8.2 ला 0.87 ने भागलं, 9.42 किलो. म्हणजे ती चाचणीची रास 9 किलो 420 ग्रॅमवर आली की बाकीचा चार क्विंटल पण जवळपास 13 वर आलाय असं समजायचं. चार क्विंटलातून साधारण 23 किलो पाणी उडायला पाहिजे होतं, आणि ते एका दिवसात उडत नाही, आम्हाला चार दिवस लागले, मध्ये एक दिवस ढग होते. वजनाच्या वेळी एक दाणाही सांडू देऊ नका आणि कोंबड्या लांब ठेवा, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

पसरायचा ताडपत्रीवर, मातीवर नाही, दोन इंचापेक्षा जाड थर नको, दर तासाने पायाने किंवा दाताळ्याने उलटायचा, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायचा. ज्यांच्याकडे मीटर पोचत नाही त्यांच्यासाठी मिठाची बाटली आहे, ती पण सांगते. काचेची कोरडी बाटली घ्यायची, तिचा एक तृतीयांश भाग मक्याने भरायचा, दोन-तीन चमचे एकदम कोरडं बारीक मीठ टाकायचं (मीठ आधी तव्यावर कोरडं करून थंड होऊ द्या), बूच लावून मिनिटभर हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 च्या वर आहे, भरू नका. चिकटलं नाही तर 15 च्या खाली आहे एवढंच कळतं, 13 आहे असं नाही, म्हणून त्यानंतर अजून एक-दोन चांगली उन्हं द्यायची.

आणि भरताना गार मका भरायचा. आधी आम्ही चार वाजता अंगणातून तापलेला मका घमेल्यांनी थेट कोठीत टाकायचो, कारण काम उरकायचं असायचं. आता तो गोळा करून ताडपत्रीखाली झाकून रात्रभर सावलीत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दव उडून गेल्यावर भरतो. कोठी फरशीवरून उचलून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब घेतली. मळणी यंत्रात फुटलेला चुरा आधीच चाळून काढला, कारण चुऱ्यात हवा खेळत नाही आणि फुटक्या दाण्याला बुरशी आधी धरते. कोठीत जुना मका शिल्लक असेल तर त्याच्यावर नवा ओतायचा नाही, हे पण आम्ही करायचो.

हवाबंद पिशव्यांबद्दल बरेच जण विचारतात. चांगल्या आहेत, आतला ऑक्सिजन किड्यांनीच संपतो आणि किडे मरतात, पण मका आधी वाळलेला असेल तरच. ओला मका त्यात बांधला तर आंबट वास धरतो, आणि पिशवीला एक भोक पडलं की तिथे बुरशी. धुरीच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, त्यांनी बनलेलं विष जात नाही, आणि त्या गोळ्यांचा वायू माणसाला मारतो, त्यामुळे राहत्या घरात त्या अजिबात नकोत.

खराब निघालेल्या मक्याचं काय करायचं

"आपण नको, जनावराला घालू" हे सगळ्यात जास्त ऐकते. गाईने ते विष खाल्लं की तिच्या यकृतात त्याचं एम1 नावाचं दुसरं अफ्लाटॉक्सिन होतं आणि ते एक-दोन दिवसांत दुधात उतरतं. खाल्ल्यातलं साधारण 1 ते 3 टक्के, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहून वर. हिशोब करून बघा, 2 किलो भरडा, त्यात किलोला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200 गाईच्या पोटात गेले, 2 टक्के धरले तर 4 मायक्रोग्रॅम दुधात, दूध 10 लिटर, लिटरला 0.4. दुधाची मर्यादा किलोला 0.5 आहे. म्हणजे भरड्यात थोडं अजून जास्त असेल तर घरचं दूध मर्यादेबाहेर, आणि ते दूध उकळलं तरी एम1 तसंच राहतं, कारण तेच. ते दूध लहान मुलं सगळ्यात जास्त पितात. चांगली गोष्ट ही की खराब खाणं बंद केलं की चार-पाच दिवसांत दुधातून पण जवळजवळ जातं.

कोंड्याकडे विशेष लक्ष द्या. मका कांडून साल आणि कोंबाचा भाग वेगळा काढला तर माणसाच्या वाट्याच्या रव्यात विष कमी होतं, पण ते नाहीसं झालेलं नसतं, कोंड्यात गोळा झालेलं असतं, आणि तो कोंडा आपण गोठ्यात नेऊन टाकतो. कोंबड्यांना, आणि बदकं असतील तर त्यांना तर नाहीच, पिल्लं फार लवकर मरतात.

चांगल्या मक्यात मिसळून "पातळ" करणं पण नको, मगाशी सांगितलं तसं एक दाणा किलोभर बिघडवतो, मिसळल्याने दोन पोती खराब होतात एवढंच. आम्ही ढेपेचा आणि त्याभोवतीचा मका विहिरीपासून लांब खड्डा करून पुरला. काढताना तोंडाला ओलं फडकं बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा, ती भुकटी छातीत जाते. रिकामी कोठी आतून कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस झाकण उघडं ठेवून उन्हात ठेवली, सांध्यांमधलं जुनं पीठ खराट्याच्या काडीने काढलं, बुरशीचं बी तिथेच राहतं.

घरात कुणाला डोळे पिवळे, पोट फुगणं, पाय सुजणं असं काही झालं आणि घरात बुरशीचा मका किंवा शेंगदाणे खाल्ले गेले असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. यावर उतारा म्हणून कुठलं औषध नाही, ते धान्य लगेच बंद करणं हाच पहिला उपाय.

यंदा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 377 किलो भरला, मीटरवर 12.8. दर पंधरा दिवसांनी सळई घालते, सकाळी, कारण तेव्हा कोठी सगळ्यात थंड असते आणि आतली ऊब लगेच कळते. झाकणाची आतली बाजू हाताने पुसून बघते, ओली लागते का. जानेवारीच्या शेवटी सासूबाईंनी स्वतः झाकण उघडून मूठ आत घातली, दाणे बोटांमधून सुटे खाली पडले, नुसता धान्याचा वास होता. त्यातला दोन किलो त्यांनी लगेच ताटात घेतला आणि भाकरीच्या दळणासाठी निवडायला बसल्या, एक-दोन काळपट दाणे निघाले ते चुलीत टाकले.